तीनशे अकरावी ओळ

एका नागरी सहकारी बँकेचं संगणकांचं काम बघायला मी महिन्यातून दोन दिवस जातो. बँकेचं नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही इथे बदलले आहेत. तिच्या आयटी विभागात तीन माणसं. विभागप्रमुख, नेटवर्क सांभाळणारा एक मुलगा, आणि शाखांतल्या प्रिंटरपासून पासबुक मशीनपर्यंत सगळ्यांचे फोन घेणारी एक मुलगी. गेल्या वर्षी एका सकाळी पोचलो, तर टेबलावर स्कॅनरचा रिपोर्ट उघडून ठेवलेला होता. एक्सेलची शीट, 638 ओळी. वरच्या 41 तांबड्या, म्हणजे क्रिटिकल. त्याखाली 173 हाय, मग 352 मीडियम आणि तळाला 72 लो.

"वरून सुरुवात करतो सर," विभागप्रमुख म्हणाले. "तांबडं संपलं की भगवं."

दिवसाला एक ओळ मिटवली तरी फक्त तांबड्या आणि भगव्यालाच सात महिने लागले असते. तोवर सात नवे रिपोर्ट आले असते. पण वेळ लागेल ही खरी अडचण नव्हती. त्या शीटमधली सगळ्यात घातक ओळ 311 क्रमांकावर होती, म्हणजे मीडियममध्ये. वरून खाली जायचं ठरवलं असतं, तर तिथपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

हा स्कॅनर म्हणजे एक सॉफ्टवेअर. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राकडे जायचं, तिथे कोणता प्रोग्रॅम कोणत्या आवृत्तीचा आहे ते विचारायचं आणि जगभरात जाहीर झालेल्या त्रुटींच्या यादीशी ताडून बघायचं, एवढं त्याचं काम. त्या यादीतल्या प्रत्येक त्रुटीला CVE ने सुरू होणारा क्रमांक असतो. 2024 या एका वर्षात असे सुमारे 40 हजार नवे क्रमांक निघाले. बहुतेक त्रुटींना शून्य ते दहामध्ये गुण मिळतात. ही पद्धत म्हणजे सीव्हीएसएस, आणि रिपोर्टमधले रंग या गुणांवरूनच ठरतात.

हे गुण कसे पडतात ते एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. आजही सर्रास वापरात असलेल्या 3.1 आवृत्तीत मूळ गुणांसाठी आठ प्रश्न आहेत. हल्ला नेटवर्कवरून करता येतो का? तो जमवणं अवघड आहे का? आधी लॉगिन लागतं का? समोरच्या माणसाने काही दाबावं किंवा उघडावं लागतं का? त्रुटीचा परिणाम त्या प्रोग्रॅमच्या बाहेर जातो का? आणि शेवटचे तीन, की माहिती फुटणं, माहितीत फेरफार होणं आणि यंत्रणा बंद पडणं यांतलं काय नि किती होईल. आठही प्रश्न त्रुटीबद्दल आहेत. ते यंत्र कुणाचं, कुठे ठेवलेलं, त्यावर काय चालतं, हे यात कुठेच येत नाही. सीव्हीएसएस सांभाळणारी फर्स्ट ही संस्था स्वतःच सांगते की मूळ गुण म्हणजे धोका नव्हे. आपल्याकडच्या परिस्थितीनुसार गुण बदलून घ्यायची सोय त्या पद्धतीतच आहे. पण ते रकाने भरलेला रिपोर्ट मी अजून पाहिलेला नाही.

एप्रिल 2014 मध्ये जाहीर झालेली हार्टब्लीड ही त्रुटी जुन्या जाणकारांच्या लक्षात असेल. वेबसाइटचं दळणवळण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये ती होती. बाहेरचा कुणीही सर्व्हरच्या स्मृतीतला 64 केबीपर्यंतचा तुकडा मागून घेऊ शकत होता, पुन्हा पुन्हा आणि लॉगिनशिवाय. त्या तुकड्यांत पासवर्ड निघत, कधी सर्व्हरची खाजगी किल्लीच निघे. तेव्हाच्या पद्धतीने हार्टब्लीडला गुण पडले 5.0. कारण उघड होतं. माहिती 'अंशतः' फुटते, फेरफार होत नाही, काही बंद पडत नाही. गणितात चूक नव्हती. त्या अंशात किल्ली आहे की कचरा, हे गणिताला विचारलेलंच नव्हतं.

तर त्या 638 ओळी. आधी आम्ही धोक्याचा विचार बाजूला ठेवला आणि नुसती आवराआवर केली. स्कॅनर त्रुटी मोजतो, काम करणाऱ्याला दुरुस्त्या मोजाव्या लागतात. विंडोजचा महिन्याचा एक अपडेट चढवला की त्या यंत्रावरच्या साठसत्तर ओळी एकदम जातात, कारण हे अपडेट मागचं सगळं पोटात घेऊन येतात. एका शाखेतल्या एकाच संगणकावर जुन्या ब्राउझरमुळे 38 ओळी होत्या. उपाय एकच, ब्राउझर नवा करा. शीटमधला 'उपाय' हा रकाना धरून क्रम लावला, तेव्हा 638 ओळींची 57 कामं झाली. यात डोकं काही लागत नाही, पण हे केल्याशिवाय पुढे गेलं की माणूस आकड्यांतच बुडतो.

मग पहिला खरा प्रश्न. या त्रुटींचा गैरफायदा प्रत्यक्षात कुणी घेतंय का? जाहीर झालेल्या त्रुटींपैकी फार थोड्या खऱ्या हल्ल्यांत वापरल्या जातात. बाकीच्या कागदावरच राहतात, कारण हल्लेखोरालाही वेळ नि पैसा मोजूनच काम करावं लागतं. हे तपासायच्या दोन सोयी फुकट मिळतात. एक म्हणजे अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेची केईव्ही यादी. प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्याचा पुरावा आहे आणि दुरुस्तीचा मार्गही आहे, अशाच त्रुटी तिच्यात जातात. नोव्हेंबर 2021 मध्ये ती सुरू झाली ती तिथल्या सरकारी खात्यांना मुदती घालून देण्यासाठी, पण वापरतं सगळं जग. दुसरी सोय ईपीएसएस, तीही फर्स्टचीच. येत्या 30 दिवसांत या त्रुटीचा वापर होण्याची शक्यता किती, याचा अंदाज ती प्रत्येक त्रुटीसाठी रोज नव्याने काढते. पहिली यादी घडलेलं सांगते, दुसरी हवामान खात्यासारखी घडू शकणारं. दोघींचं पटलं नाही तर मी पहिलीचं ऐकतो. तुमच्या बँकेत काय आहे हे मात्र दोघींनाही ठाऊक नसतं.

आमच्या शीटमधले CVE क्रमांक केईव्हीशी जुळवले तेव्हा नऊ सापडले. त्यांतले सात विंडोजच्या नि ब्राउझरच्या अपडेटमध्येच जाणार होते. उरले दोन. त्यांतला एक हा:

```
CVE-2023-5631  Medium  5.4  192.168.10.24  Roundcube < 1.4.15
```

हीच 311 वी ओळ. राउंडक्यूब हा ब्राउझरमधून ईमेल वाचायचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम, आपल्याकडे लहान संस्थांत खूप चालतो. त्यातली ही त्रुटी अशी की खास रचलेला मेल आला आणि तो नुसता उघडला, तरी मेलमध्ये दडवलेला प्रोग्रॅम वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू लागतो. लिंक दाबायची नाही, फाइल उघडायची नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की विंटर व्हिव्हर्न या टोळीने हीच त्रुटी वापरून युरोपातल्या सरकारी कार्यालयांचे मेल वाचून बाहेर नेले होते. गुण 5.4 पडले, कारण या जातीच्या त्रुटींना माहिती फुटण्याच्या प्रश्नावर ठरावीकपणे 'थोडी' असं उत्तर लिहिलं जातं. मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये 'थोडी' म्हणजे सगळी टपालपेटी.

दुसरा प्रश्न, हे यंत्र बाहेरून दिसतं का? विभागप्रमुखांना यात काही शंका नव्हती. "हा आतला पत्ता आहे सर, 192.168. बाहेरून कसा दिसेल?"

इथेच खूप जण फसतात. स्कॅनर आतल्या नेटवर्कवर बसून पाहतो, म्हणून त्याला प्रत्येक यंत्राचा आतलाच पत्ता दिसतो. बाहेरचा कोणता पत्ता आतल्या कोणत्या यंत्राकडे वळवलाय हे फायरवॉलला ठाऊक असतं, स्कॅनरला नाही. नेटवर्कवाल्या मुलाने फायरवॉलमधले पत्ते वळवायचे नियम काढले. तेरा होते, आणि सातवा याच यंत्राचा होता. लॉकडाउनमध्ये अधिकाऱ्यांना घरून मेल बघता यावेत म्हणून उघडलेला, तो बंद करायचा राहूनच गेला. मुलाने खिशातला मोबाइल काढला, बँकेचं वायफाय बंद केलं आणि मोबाइलच्या डेटावर बाहेरचा पत्ता टाकला. राउंडक्यूबचं लॉगिन पान आलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "सर, हा नियम मी यायच्या आधीचा आहे."

उलटा प्रकार शीटच्या अगदी वर होता. पहिल्या ओळीवर 9.8 गुणांची CVE-2019-17571, एका जुन्या रिपोर्ट सर्व्हरवर. जावामध्ये लिहिलेले प्रोग्रॅम आपल्या नोंदी ठेवायला लॉग4जे नावाची लायब्ररी वापरतात, तिच्या जुन्या 1.2 आवृत्तीत ही त्रुटी आहे. ती तिच्यातल्या SocketServer या एका भागात. दुसऱ्या यंत्रांकडून नेटवर्कवरून आलेल्या नोंदी स्वीकारणं हे त्या भागाचं काम. तो आपणहून सुरू होत नाही, कुणीतरी मुद्दाम चालवावा लागतो. स्कॅनरने डिस्कवर लायब्ररीची फाइल पाहिली आणि दप्तरी 9.8 नोंदवलं. तो भाग चालू आहे का, ते त्याने पाहिलंच नाही. आम्ही पाहिलं:

```
ps aux | grep '[S]ocketServer'
ss -ltnp
```

पहिल्या आज्ञेने काहीच दाखवलं नाही. दुसरीने ते यंत्र कोणत्या दारांवर कान लावून बसलंय त्यांची यादी दिली. तीन दारं होती आणि तिन्ही ओळखीची. म्हणजे त्रुटी आहे, पण तिच्यापर्यंत जायला वाट नाही. म्हणून ओळ खोटी ठरत नाही, आणि खोडायचीही नाही. या लायब्ररीची देखभाल 2015 मध्येच थांबली, तेव्हा ती कधीतरी काढावी लागणारच. पण आज नाही. शीटमध्ये कारण लिहिलं, तपासाचा पुरावा जोडला आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायची तारीख टाकली. तारखेशिवाय बाजूला ठेवलेली ओळ कायमची तिथेच राहते.

केईव्हीतला दुसरा उरलेला क्रमांक मुख्य कार्यालयात धनादेश स्कॅन करणाऱ्या संगणकावरचा होता. विंडोज 7, आणि 2017 ची CVE-2017-0144. वॉनाक्राय जिच्यावरून त्या वर्षी मे महिन्यात जगभर पसरला तीच. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याच्याही दोन महिने आधी आलेली. तरी ती या संगणकावर नव्हती, कारण अपडेट केलं की स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बंद पडतं असं ते पुरवणाऱ्याने फार पूर्वी तोंडी सांगितलं होतं. स्कॅनर खरंच बोलतोय का तेही पडताळलं:

```
nmap -p 445 --script smb-vuln-ms17-010 192.168.10.61
```

उत्तरात `VULNERABLE` आलं. आता हे यंत्र इंटरनेटवर कुठेच नव्हतं. पण 'बाहेरून दिसतं का' एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण हल्लेखोर एकाच उडीत आत येत नाही. मेल सर्व्हर 192.168.10.24 आणि हा संगणक 192.168.10.61. एकाच नेटवर्कमध्ये, मध्ये भिंत नाही. मेलमधून कुणाचा पासवर्ड घेऊन जो आत शिरेल, त्याला पुढची पायरी इथेच तयार होती. शीटमध्ये या दोन ओळी शंभरेक ओळींच्या अंतरावर होत्या, दोन वेगळ्या रंगांत. नेटवर्कच्या नकाशावर त्या शेजारी शेजारी निघाल्या.

राहिला तिसरा प्रश्न, यंत्र गेलं तर बँकेचं काय अडेल? याचं उत्तर आयटी विभागात मिळत नाही. तिथे विचारलं की सगळेच सर्व्हर महत्त्वाचे असतात. आम्ही खालच्या मजल्यावर क्लिअरिंग बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. 'क्रिटिकल' हा शब्द मी उच्चारला नाही. एवढंच विचारलं, "हा संगणक उद्या सकाळी चालू झाला नाही तर?"

"अकरापर्यंत वाट बघू," त्या म्हणाल्या. "मग मी साहेबांना फोन करणार. दुसरं मशीन नाहीये. धनादेश वेळेत गेले नाहीत तर लोक काउंटरवर येतात, आणि ऐकून आम्हाला घ्यावं लागतं."

मेलचं विचारलं तर त्या सहज बोलून गेल्या की मोठ्या संस्थांचे आरटीजीएसचे अर्ज आधी मेलवर येतात. मूळ कागद संध्याकाळी, पैसे मात्र दुपारीच गेलेले. वरच्या मजल्यावर मेल सर्व्हरची नोंद 'कार्यालयीन सोय, महत्त्व मध्यम' अशी होती. ती आम्ही तिथेच उभ्या उभ्या बदलली.

आता या तीन उत्तरांचं करायचं काय? पुष्कळ ठिकाणी ती गुणून टाकतात. गुण गुणिले शक्यता गुणिले महत्त्व, आणि येतो 6.73 असा काहीतरी आकडा. मला हे पटत नाही. शक्यता हा अंदाज, महत्त्व हे कुणीतरी एक ते पाचमध्ये दिलेलं मत. त्यांच्या गुणाकाराला दशांश चिकटले म्हणून तो अचूक होत नाही. शिवाय एक बाजू शून्याजवळ गेली की बाकी दोन गिळल्या जातात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट समन्वय केंद्राने 2019 मध्ये एसएसव्हीसी ही वेगळी पद्धत मांडली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. तिच्यात आकडा काढायचा नसतो, निर्णय काढायचा असतो. वापर होतोय का, यंत्र किती उघडं आहे, अडेल काय, असे प्रश्न एकामागून एक विचारत फांदीफांदीने खाली यायचं आणि शेवटी काय करायचं तेच हाती येतं. कुणी का म्हणून विचारलं, तर फांद्या दाखवता येतात.

आम्ही आमच्यापुरत्या चारच फांद्या ठेवल्या. आजच करायचं, पंधरा दिवसांत करायचं, महिन्याच्या अपडेटबरोबर जाऊ द्यायचं, आणि कारण लिहून थांबायचं. 57 पैकी पहिल्या फांदीवर फक्त तीन कामं आली. मेल सर्व्हर, धनादेशाचा संगणक आणि फायरवॉलमधले कुणालाच आठवत नसलेले दोन नियम. हे तिसरं काम तर रिपोर्टमध्ये नव्हतंच. मेलचा बाहेरचा रस्ता त्याच दुपारी बंद झाला आणि आवृत्ती रात्री बदलली. धनादेशाच्या संगणकाला लगेच हात लावता आला नाही. त्याला वेगळ्या जाळ्यात टाकलं, 445 हे दार फक्त त्याला ज्या एका सर्व्हरशी बोलावं लागतं त्याच्यापुरतं ठेवलं आणि पुरवठादाराला लेखी विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. अपडेट चालतं, बरीच वर्षं चालतंय.

लेखापरीक्षक यावर खूश होईलच असं नाही. त्याला 'क्रिटिकल शून्य' हवं असतं आणि त्याची बाजूही अगदीच चुकीची नाही. कार्ड व्यवहारांच्या पीसीआय नियमांत बाहेरून होणाऱ्या स्कॅनमध्ये 4.0 किंवा त्याहून जास्त गुणांची त्रुटी निघाली की नापासच होतात, तिथे कारण लिहून भागत नाही. नियमाने बांधलेली कामं नियमाप्रमाणेच करायची. बाकीच्या ढिगाला मात्र वरचे तीन प्रश्न.

या सगळ्याची एक मर्यादा मात्र आहे. यादीत जे नाही त्याला क्रम लावता येत नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचं 2017 मध्ये हेच झालं. अपाचे स्ट्रट्समधली 10 पैकी 10 गुणांची त्रुटी 7 मार्चला जाहीर झाली. 9 तारखेला कंपनीत 48 तासांत दुरुस्ती करायचा निरोप फिरला. 15 तारखेला स्कॅन झाला आणि त्यात काहीच सापडलं नाही, कारण ग्राहकांच्या तक्रारींच्या पोर्टलमध्ये स्ट्रट्स जिथे होतं तिथपर्यंत स्कॅनर गेलाच नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत होते. जवळपास 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. तिथे गुण बरोबर होते, निकडही कळली होती, पण यंत्र कागदावर नव्हतं. म्हणून आता त्या बँकेत दर महिन्याला स्कॅनरची यादी एकीकडे आणि फायरवॉलचे नियम, वीजपुरवठ्याच्या नोंदी नि खरेदीची बिलं दुसरीकडे, असा ताळा घेतात. पहिल्याच ताळ्यात दोन यंत्रं जास्तीची निघाली.

आणि एक काम राहिलं होतं. केईव्हीतली त्रुटी बाहेरून दिसणाऱ्या यंत्रावर इतके महिने उघडी होती, तर दुरुस्ती करून विषय संपत नाही. आधीच कुणी येऊन गेलंय का ते बघावं लागतं. सर्व्हरवरच्या नोंदी फक्त पाच आठवड्यांच्या शिल्लक होत्या, त्यांत संशयास्पद काही नव्हतं. मग टपालपेट्यांमधले मेल परस्पर पुढे पाठवायचे नियम काढले, कारण असा शिरलेला माणूस मागे बहुधा तेवढंच ठेवून जातो. 94 पेट्यांपैकी एकीत असा नियम सापडला. प्रत्येक येणाऱ्या मेलची प्रत बाहेरच्या एका खाजगी पत्त्यावर जात होती. तासाभराच्या धावपळीनंतर कळलं, की तो पत्ता दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका वरिष्ठ साहेबांचा आहे. नियम त्यांनीच लावून ठेवला होता, पेटी कुणी बंद केली नव्हती, आणि बँकेच्या मेलची प्रत त्यांना घरबसल्या मिळत होती. फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं तुम्हीच पाठवताय."